रेणूचा आकार ओळखायला सूत्र बरं की इलेक्ट्रॉनची मांडणी?

इलेक्ट्रॉन जोड्यांच्या प्रतिकर्षणावरून आकार काढायचा तर मध्यवर्ती अणूभोवती किती जोड्या आहेत ते आधी कळायला हवं. त्या मोजायच्या दोन पद्धती क्लासमध्ये शिकवतात. एक सूत्राची:

```
H = ½ (V + M − C + A)
```

H म्हणजे जोड्यांची एकूण संख्या, V म्हणजे मध्यवर्ती अणूचे संयुजा इलेक्ट्रॉन, M म्हणजे त्याला जोडलेले एकसंयुजी अणू, C धनप्रभार, A ऋणप्रभार. दुसरी पद्धत मांडणीची: कोणत्या बंधात मध्यवर्ती अणूचे किती इलेक्ट्रॉन खर्च झाले ते पाहायचं आणि उरलेल्यांच्या लोन पेअर करायच्या.

2012 च्या आयआयटी-जेईईत XeO2F2 चा आकार विचारला होता. त्यावर दोन्ही पद्धती चालवून पाहू.

सूत्राने V = 8, M = 2, म्हणून H = 5. जोडलेले अणू चार, म्हणजे लोन पेअर एक. दोन ओळींत काम झालं. पण इथे घसरायच्या जागा दोन आहेत. ऑक्सिजन द्विसंयुजी आहे, म्हणून तो M मध्ये धरायचाच नसतो. घाईत दोन ऑक्सिजनचे चार मिळवले की H = 7 येतं आणि तीन लोन पेअर निघतात. दुसरी जागा म्हणजे H = 5 दिसताच ‘ट्रायगोनल बायपिरॅमिडल’वर खूण करून मोकळं होणं. ती जोड्यांची रचना झाली. प्रश्न आकाराचा आहे आणि आकार फक्त अणूंवरून सांगतात.

मांडणीने झेनॉनचे 8 इलेक्ट्रॉन घ्या. दोन फ्लोरिनना एकेक दिला, दोन ऑक्सिजनना द्विबंधासाठी दोन-दोन दिले, एकूण 6 गेले. उरले 2, म्हणजे एक लोन पेअर. आकारासाठी द्विबंध एकच गट धरायचा, म्हणून गट पाच. तीन लोन पेअरची चूक इथे होऊच शकत नाही, कारण त्यांना 6 इलेक्ट्रॉन लागतील आणि हातात दोनच आहेत. सूत्रात असा ताळा आपोआप मिळत नाही, माझ्या मते हाच त्यातला मोठा फरक.

पुढचं पाऊल दोन्हींकडे सारखंच. लोन पेअर ॲक्सियल ठेवली तर 90° वर तीन शेजारी येतात, इक्वेटोरियल ठेवली तर दोनच. म्हणून ती इक्वेटोरियल बसते. द्विबंधही जागा जास्त अडवतो, म्हणून दोन्ही ऑक्सिजन तिच्याच पातळीत येतात आणि फ्लोरिन वर-खाली जातात. आकार सी-सॉ. O-Xe-O कोन 120° पेक्षा कमी, F-Xe-F कोन 180° पेक्षा जरासा कमी.

सूत्र जिथे सरळ अडकतं ती जागा NO2. V = 5, M = 0, म्हणून H = 2.5, आता अडीच जोड्यांचं करायचं काय? मांडणीत मात्र नायट्रोजनवर एक सुटा इलेक्ट्रॉन दिसतो. पूर्ण जोडीपेक्षा तो कमी रेटतो. म्हणून NO2⁻ मध्ये, जिथे पूर्ण लोन पेअर आहे, कोन सुमारे 115°. NO2 मध्ये सुमारे 134°. आणि NO2⁺ मध्ये नायट्रोजनवर काहीच उरत नाही, तिथे 180°. कोनांचा हा क्रम लावायला सांगणारा प्रश्न पेपरांत नेहमीचा आहे.

आता दोन्ही पद्धती तोकड्या पडतात तो भाग. 2004 च्या एआयईईईत H2S, NH3, BF3, SiH4 यांचे बंधकोन चढत्या क्रमाने लावायचे होते. BF3 मध्ये तीन जोड्या, 120°. SiH4 मध्ये चारही बंध जोड्या, 109.5°. NH3 मध्ये एक लोन पेअर, सुमारे 107°. इथपर्यंत मोजणी पुरते. H2S मध्ये दोन लोन पेअर, म्हणून तो सर्वांत लहान, हेही बरोबर. पण पाण्यातही दोनच आहेत आणि तिथे कोन 104.5°, तर H2S मध्ये सुमारे 92°. हा फरक मोजून कळत नाही. सल्फर मोठा आणि कमी विद्युतऋण, त्यामुळे बंध जोड्या त्याच्यापासून लांब राहतात, एकमेकींना कमी ढकलतात आणि कोन मिटतो. NF3 चा कोन NH3 पेक्षा लहान, सुमारे 102°, त्याचंही कारण याच धर्तीचं: फ्लोरिन बंध जोडी स्वतःकडे ओढतो.

तेव्हा निवड अशी करावी. बहुपर्यायी पेपरात मध्यवर्ती अणूला फक्त हॅलोजन किंवा हायड्रोजन जोडलेले असतील, जसं XeF4, ClF3, ICl2⁻, तर सूत्र वापरा. वेळ वाचतो आणि धोका नाही. ऑक्सिजन दिसला किंवा इलेक्ट्रॉनची एकूण संख्या विषम आली की मांडणीच करा. बोर्डाच्या पेपरात लोन पेअर दाखवून आकृती काढायची असेल तर मांडणी करावीच लागते, मग सूत्राचा फेरा कशाला? आणि आवर्तसारणीच्या एकाच गटातल्या अणूंच्या संयुगांचे कोन विचारले असतील, तर जोड्या समान आहेत एवढं पाहून थेट विद्युतऋणतेकडे वळा.