चारशेवीस पौंडांची हवा

आकडा आधीच सांगतो: ४२० पौंड, त्या दिवशीच्या भावाने चव्वेचाळीस हजार रुपये. आकडाही नेमका चारसोबीस!

लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं बडोद्याहून इंग्लंडला गेलो होतो. बाळ अकरा दिवसांचं, जावई कामावर, आणि बाळंतिणीच्याच खोलीतला रेडिएटर, म्हणजे गरम पाण्याने खोली तापवणारा भिंतीवरचा पत्रा, वरून गार. सांगा, अशा वेळी माणूस घासाघीस करतो का? पत्रकावर प्लंबरचा नंबर दिसला, फोन लावला.

तो आला तोच छोटी पिशवी घेऊन. रेडिएटरला हात लावून म्हणाला, "आत गाळ साचलाय, मशीन लावून धुवावं लागेल." मी स्वतः हात लावून पाहिला होता: खाली चटका बसेल इतका गरम, वर बर्फ. गाळ तळाशी बसतो हो! गाळ असता तर खालचा भाग गार लागला असता. वर गार म्हणजे हवा. एकतीस वर्षं पंपांवर काम केलेल्या माणसाला हे कळू नये? दांडिया बाजारातल्या घरी टाकीच्या पाइपातली हवा मीच काढतो.

आणि हवा काढलीन त्याने माझ्यासमोर! वरच्या कोपऱ्यातला चौकोनी स्क्रू पितळी चावीने जरासा उलटा फिरवला. सुंईऽऽ आवाज आला, मग काळपट पाणी. मी विचारलं, तर म्हणे केमिकलचा गॅस. मी मान डोलावली. ती मान अजून दुखते. चाळीस मिनिटांत काम संपलं आणि ३३० पौंड रोख गेले. खरी धुलाई करायला मशीन आणि जवळजवळ अख्खा दिवस लागतो.

रात्री रेडिएटरचं पाणी तापवणारा बॉयलरच बंद. पुन्हा त्यालाच बोलावलं, आणखी ९० पौंड. त्याने बॉयलरखालचे दोन नळ उघडले, दाबाचा काटा वर आला, नळ बंद केले. एवढंच. हवा बाहेर पडली की आतला दाब उतरतो; गार असताना काटा एक ते दीड बारच्या मध्ये लागतो. दाब बघणं पहिल्याच खेपेचं काम होतं.

महिन्याने तोच रेडिएटर पुन्हा गार झाला, तेव्हा शेजारच्या आजोबांनी दोन पौंडांची चावी आणली. आधी हीटिंग बंद करून गार होऊ दिलं, कारण पंप चालू असला तर बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. खाली कपडा आणि कप धरून स्क्रू पाव वळसा फिरवला. सलग पाणी यायला लागताच बंद. स्क्रू पूर्ण काढायचा नाही! हवा सारखी भरत असेल तर मात्र कुठे गळती आहे का, आत गंज चढतोय का ते बघायला हवं, म्हणाले.

तक्रारीच्या हेल्पलाइनवर पस्तीस मिनिटं संगीत ऐकलं. शेवटी विचारलं, "पावती आहे?" रोख दिले होते, पावती कुठली? पत्रकावरचा नंबर बंद. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच काढलेत. बडोद्याला परतून इथल्या कचेरीत गेलो, तर साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं: "काका, रेडिएटर तर गाडीत असतो ना?"

हिवाळ्यात लेकीकडे निघालेल्यांनो, चावी आधी घ्या. ही म्हणते, "तुमच्या पिशवीत पाना होता की." होता.