परतीचे नियम: तयार मसुदा दुरुस्त करावा की नव्याने लिहावेत?

आमचं ऑनलाइन दुकान छोटं आहे. केटल, हँड ब्लेंडर, टेबल लॅम्प एवढाच माल. परतीचे आणि वॉरंटीचे नियम मी दोन्ही प्रकारे लिहून पाहिलेत. आधी वकिली थाटाचा तयार मसुदा घेऊन त्यातली वाक्यं सोपी केली. पुढे तो बाजूला ठेवला आणि ग्राहक फोनवर जे विचारतात त्या प्रश्नांवरून सगळं नव्याने लिहिलं.

मसुद्याचं काम एका संध्याकाळी उरकतं. शिवाय कूपन लावून घेतलेल्या वस्तूचे किती पैसे परत करायचे, यासारखी आपल्याला न सुचणारी कलमंही त्यात असतात. नव्याने लिहायला मला दोन आठवडे लागले.

तरी माझं मत बदललं ते एका वाक्यामुळे: ‘खरेदीच्या तारखेपासून ७ दिवसांत’. एका बाईंनी ३ तारखेला केटल मागवली. पार्सल ९ला पोचलं, त्यांनी ११ला उघडलं, तर झाकणाची बिजागरी तुटलेली. आमच्या नियमाने मुदत आदल्याच दिवशी संपली होती. उशीर झाला म्हणून उलट त्यांनीच माफी मागितली, याचं मला फार वाईट वाटलं. केटल आम्ही बदलून दिली. पण हेच वाक्य मी तीनदा सोपं केलं होतं! शब्द सोपे झाले, दिवस कधीपासून मोजायचे हे मात्र तसंच राहिलं. मसुदा दुरुस्त करताना नजर शब्दांवरच राहते, निदान माझी तरी राहिली.

‘तुटलेली वस्तू आली, काय करू?’ या प्रश्नाखाली आता असं लिहिलंय: ‘पार्सल हातात पडल्यापासून १० दिवसांत फोटो पाठवा. वस्तू आम्ही आमच्या खर्चाने परत नेऊ. बदली हवी की पैसे, ते तुम्ही सांगा.’ ‘वस्तू आवडली नाही’ हा प्रश्न वेगळा ठेवलाय. तिथे परतीचं भाडं ग्राहकाकडे आहे आणि तसं स्पष्ट लिहिलंय. मसुद्यात या दोन्ही गोष्टी एकाच कलमात होत्या, वर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. त्यामुळे त्या ओळीने ग्राहकाची दिशाभूल तेवढी होत होती.

वॉरंटी लिहिताना मात्र जपून. आमच्या मालाची वॉरंटी कंपनी देते आणि बिलाच्या तारखेपासून मोजते. तिथे ‘पार्सल मिळाल्यापासून’ लिहिलं असतं, तर जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द दिल्यासारखं झालं असतं. म्हणून दोन्ही तारखा शेजारी शेजारी दिल्या आणि सर्व्हिस सेंटरला वस्तू कोणी पोचवायची तेही लिहिलं.

तुमच्याकडे शेकडो प्रकारचा माल असेल तर कदाचित मसुदाच सोयीचा पडेल. वीस-तीस वस्तू असतील तर मी नव्याने लिहीन, आणि मसुदा शेजारी ठेवून काही सुटलं का एवढंच ताडून बघेन.