मान किंचित कललेली, खांदे वरखाली: फोटो फिरवावा की ओढून सरळ करावा?

पोर्ट्रेट छान आलंय, पण मान जराशी कललेली आहे किंवा एक खांदा खाली गेलाय. अशा वेळी हात पटकन लिक्विफायकडे, म्हणजे फोटोतला भाग ब्रशने ओढून त्याचा आकार बदलणाऱ्या फोटोशॉपच्या साधनाकडे जातो. त्याआधी दोन मोजमापं घ्या, कारण निर्णय त्यांवरच ठरतो.

समजा, दोन्ही बुबुळांमध्ये ४०० पिक्सेल अंतर आहे आणि फोटोतलं डावं बुबुळ १४ पिक्सेल खाली आहे. हा कल साधारण २ अंशांचा झाला. खांद्यांच्या टोकांमध्ये १५०० पिक्सेल अंतर आहे आणि डावाच खांदा ६० पिक्सेल खाली आहे, म्हणजे सुमारे २.३ अंश. दोन्ही कल एकाच बाजूचे असल्यामुळे अख्खा फोटो २ अंश फिरवला की डोळे समपातळीत येतात आणि खांद्यांतला फरक जेमतेम ८ पिक्सेलवर येतो. तो नजरेला जाणवत नाही.

हेच काम लिक्विफायने करायचं तर तो खांदा ६० पिक्सेल वर ढकलावा लागतो. त्याच्याबरोबर कॉलर, बटणपट्टी, बाहीची शिवणही ओढली जाते. रेघांचा शर्ट असेल तर रेघा खांद्यापाशी वाकतात, मागे चौकट असेल तर तिलाही पोक येतो. शिवाय मान कललेलीच राहते. ती ओढायला गेलात तर जबडा आणि गालाचं प्रमाण बदलतं आणि ओळखीचा माणूस वेगळाच दिसू लागतो. फिरवण्यात चेहऱ्यातलं एकही प्रमाण बदलत नाही, म्हणून माझा कौल आधी फिरवण्याला.

त्याची किंमत कडांवर मोजावी लागते. ३००० बाय ४००० चा फोटो २ अंश फिरवून त्याच प्रमाणात कापला, तर लांबी-रुंदी प्रत्येकी साडेचार टक्क्यांच्या आसपास घटते. केस आधीच कडेला टेकलेले असतील तर हे परवडत नाही. मागे दाराची उभी रेघ असेल तर तीही कलते. साध्या पार्श्वभूमीवर हा प्रश्न येत नाही.

खांदे सरळ आणि फक्त मान कललेली असेल तर डोक्याचा वेगळा लेयर करा, फिरवण्याचा केंद्रबिंदू गळ्याच्या खळगीवर ठेवा आणि मास्कची कड कॉलरमागे लपवा. केंद्राजवळ सरकणं जवळपास शून्य असतं, ३०० पिक्सेल वरच्या हनुवटीपाशी २ अंशांना ते १० पिक्सेल भरतं. त्यामुळे सांधा सहसा दिसत नाही.

लिक्विफाय मी एकाच ठिकाणी वापरते: चेहरा सरळ आहे, पण पिशवीच्या पट्ट्यामुळे एकच खांदा उचललेला आहे. तिथे अख्खा फोटो फिरवला तर चेहरा बिघडतो. कापड साधं असेल तर मोठ्या ब्रशने खांदा हळूच खाली घ्यावा, चेहरा आणि मान फ्रीझ करून.

फिरवताना कोन एकदाच ठरवा. आधी १ अंश, मग अर्धा, मग पुन्हा थोडा असं करत गेलात तर दर वेळी पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि पापण्यांचा रेखीवपणा विरत जातो.