पट्टीच्या फोटोतली रक्कम: छापील आकडा ठेवायचा की सूत्र घालायचं?

सांगलीच्या मार्केट यार्डातून हळदीची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, निघते ती छापील, आणि हिशेब लिहिणाऱ्यापर्यंत पोचतो तो तिचा मोबाईलवर काढलेला फोटो. फोटोवरून तक्ता एक्सेलमध्ये उतरवला की समोर फक्त आकडे असतात. वजन आणि दर हे मुळातलेच आकडे. रक्कम, हमाली-तोलाई आणि निव्वळ देणं हे मात्र अडत्याच्या दुकानातल्या संगणकाने काढलेले. तो हिशेब कसा केला ते कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

इथून पुढे तीन वाटा आहेत. छापील आकडे जसेच्या तसे ठेवायचे, ते पुसून त्या जागी सूत्रं घालायची, किंवा दोन्ही शेजारी ठेवून मधला फरक पाहायचा. पहिल्या दोन वाटांचे वकील आमच्याकडे भरपूर आहेत. तिसरी बहुतेकांना दुप्पट काम वाटते, ते मला का पटत नाही ते पाहू.

समजण्यासाठी ही एक पट्टी घ्या. आकडे उदाहरणापुरते आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नका. दर क्विंटलचा आहे.

| लॉट | पोती | वजन (किलो) | दर | रक्कम | हमाली-तोलाई |
|---|---|---|---|---|---|
| १ | १२ | ६१८ | १३,२०० | ८१,५७६ | २२२ |
| २ | ९ | ४६३.५ | १२,८५० | ५९,५६० | १६७ |
| ३ | १५ | ७७४ | १३,४७५ | १,०४,२९७ | २७८ |
| ४ | ७ | ३५८.५ | ११,९०० | ४२,६६२ | १३० |
| ५ | १० | ५१२ | १२,६४० | ६४,७१७ | १८५ |
| एकूण | ५३ | २,७२६ | | ३,५२,८११ | ९८१ |

निव्वळ देणं ३,५१,८३०.

आकडे जसेच्या तसे

पट्टी पुरावा म्हणून जपायची असेल, उद्या शेतकरी आणि दुकान यांच्यात वाद झाला तर दाखवायची असेल, तर हीच वाट बरोबर. कागदावर जे आहे तेच फाईलमध्ये. पण अशी फाईल मुकी असते. उतरवताना तिसऱ्या लॉटचं ७७४ किलो चुकून ७१४ लिहिलं गेलं, तर रक्कम १,०४,२९७ तशीच राहते आणि चूक कुणालाच दिसत नाही. पुढच्या हंगामात हमालीचा दर बदलला, तर प्रत्येक ओळ पुन्हा हाताने.

फक्त सूत्रं

पुढच्या हंगामात तोच साचा वापरायचा असेल, तर सूत्रं हवीतच. धोका तेच ७७४ चं ७१४ झाल्यावर कळतो. सूत्र ७१४ किलोवर हिशेब करून ९६,२१२ काढतं, एकूण बेरीज ८,०८५ ने खाली येते आणि सगळा तक्ता आतून अगदी जुळलेला दिसतो. उभी बेरीज बरोबर, आडवा गुणाकार बरोबर, फक्त पट्टी ती नाही. वजनाची चूक पकडू शकणारी एकच गोष्ट कागदावर होती, छापील रक्कम, आणि ती आपणच पुसली. पहिल्या वाटेत चूक निदान एका खान्यात अडकून राहते. इथे ती रकमेत, एकूणात आणि निव्वळ देण्यात झिरपते. म्हणून कच्च्या उताऱ्यावर थेट सूत्रं घालणं मला तिन्हींत सगळ्यात वाईट वाटतं, दिसायला ते कितीही नीटनेटकं असलं तरी.

दोन्ही शेजारी

छापील रक्कम E स्तंभात राहू द्या. हमाली-तोलाईचा स्तंभ H मध्ये सरकवा, मग F मध्ये सूत्र, G मध्ये फरक. वजन C मध्ये आणि दर D मध्ये धरला आहे.

```
F2: =ROUND(C2*D2/100,0)
G2: =E2-F2
```

सूत्र खाली ओढलं की G स्तंभात सगळीकडे शून्य यायला हवं. जिथे येत नाही तिथे फरकाचा आकडाच बरंच सांगून जातो. वरच्या चुकीत G4 मध्ये ८,०८५ येतात. त्याला दराने, म्हणजे १३,४७५ ने भागा: ०.६ क्विंटल, सरळ ६० किलो. म्हणजे वजनाच्या दशकस्थानी सहाचा फरक आहे. फोटो मोठा करून पाहिला की एक वाटलेला आकडा सात निघतो. चूक दरात असती, १३,४७५ चं १३,४१५ झालं असतं, तर फरक ४६५ आला असता. दराने भागलं तर साडेतीन किलोच्या आसपास काहीतरी वेडंवाकडं मिळतं. ७.७४ क्विंटलने भागलं तर जवळजवळ नेमके ६०. ज्या भागाकाराचं उत्तर एकाच अंकाच्या बदलाने समजावता येतं, चूक त्या स्तंभात.

वजन आणि दर दोन्ही नीट असून छापील रक्कमच उतरवताना चुकली असेल, तर सूत्रांची बेरीज कागदावरच्या एकूणाशी, फार तर रुपयाभर इकडेतिकडे, जुळते आणि E ची जुळत नाही. ६४,७१७ चं ६४,१७७ झालं, तर फरक ५४०. तो नऊने भागला जातो, म्हणून शेजारचे दोन अंक उलटे पडले असावेत असा पहिला संशय घ्यायचा.

या पद्धतीच्या आवाक्यात काय नाही तेही सांगतो. लॉट नंबर, गाव, शेतकऱ्याचं नाव यांच्यावर कुठलाच हिशेब उभा नसतो, त्यामुळे तिथली चूक कुठल्याही फरकात उमटत नाही. ती डोळ्यांनीच पाहायची.

एका रुपयाचा फरक

इथे बरेच जण अडतात. पाचही रकमा बरोबर, तरी

```
=SUM(F2:F6)
```

चं उत्तर ३,५२,८१२ येतं आणि कागदावर ३,५२,८११ आहे. मग कुणीतरी एका ओळीतून रुपया कमी करून मोकळा होतो. तसं करू नका. दुसऱ्या लॉटची खरी रक्कम ५९,५५९.७५ आहे, तिसऱ्याची १,०४,२९६.५०. दुकानातल्या संगणकाने पैसे आत जपून ठेवले, ओळीत छापताना रुपयाला पूर्ण केले आणि एकूण मात्र पैशांसकट बेरीज करून शेवटी पूर्ण केलं. तेच सूत्रात लिहायचं तर असं:

```
=ROUND(SUMPRODUCT(C2:C6,D2:D6)/100,0)
```

याचं उत्तर ३,५२,८११. हमालीच्या स्तंभातही तेच झालं आहे. ओळींची बेरीज ९८२ होते, छापलेत ९८१. दोन वेगळ्या स्तंभांत एकच खूण दिसली की अंदाज पक्का धरायला हरकत नाही. उलट एखाद्या दुकानाच्या पट्टीत एकूण हे पूर्ण केलेल्या ओळींचीच बेरीज असेल, तर तिथे साधा SUM हवा. हे पट्टीकडे पाहून ठरवायचं असतं, स्वतःच्या सवयीने नाही.

अर्धा रुपया कुणीकडे ढकललाय तेही तिसरा लॉट सांगतो. १,०४,२९६.५० चे १,०४,२९७ झाले, म्हणजे अर्धा नेहमी वर जातो. एक्सेलचं ROUND तसंच करतं. काही प्रोग्रॅम अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेतात. तसं असतं तर इथे १,०४,२९६ छापले गेले असते.

जो दर छापलेलाच नाही

हमाली-तोलाईची रक्कम आहे, पण पोत्यामागे किती ते कागदावर नाही. नुसता भागाकार केला तर दुसऱ्या लॉटमधून १८.५६ येतात, चौथ्यातून १८.५७ आणि पाचव्यातून १८.५०. गोंधळ रुपया पूर्ण केल्यामुळे आहे. १६७ हा आकडा १६६.५० पासून १६७.५० च्या आतलं काहीही असू शकतो, म्हणून नऊ पोत्यांवरून दर किमान १८.५० निघतो. शेवटची ओळ सगळ्यात उपयोगी, कारण तिथे पोती जास्त: ९८१ म्हणजे ९८०.५० ते ९८१.५०, भागिले ५३, म्हणजे १८.५० पासून १८.५२ च्या आत. यात व्यवहारात ठेवला जाईल असा दर साडेअठराच. तो वेगळ्या एका खान्यात लिहा आणि सूत्रांनी तिथूनच घ्यावा. शेजारी ‘अंदाजाने काढलेला’ अशी नोंद मात्र हवी, कारण तो कागदावरून उतरवलेला नाही.

सूत्रं घातल्यावर एखादं एकूण रुपयाने नाही तर अख्ख्या लॉटने कमी आलं, तर आधी खान्यातली संख्या उजवीकडे चिकटली आहे की डावीकडे ते बघा. फोटोतले आकडे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने शून्याच्या जागी इंग्रजी ओ घातला असेल, तर तो खाना मजकूर ठरतो. SUM आणि SUMPRODUCT त्याला गुपचूप वगळतात, कुठली सूचना देत नाहीत.

जिथे सूत्र घालूच नये

काही काढीव स्तंभ असे असतात की त्यांचे मूळ आकडे फोटोत नसतातच. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि घनता चौरस किलोमीटरला २८७ आहे. तक्त्यात क्षेत्रफळाचा स्तंभ नसेल, तर लोकसंख्येला घनतेने भागून १०,४६६ चौरस किलोमीटर काढायचे आणि मग घनतेच्या खान्यात सूत्र घालायचं, असा मोह होतो. जिल्ह्याचं क्षेत्रफळ आहे १०,४८०. घनता पूर्णांकात छापल्यामुळे १०,४४८ ते १०,४८४ मधलं कुठलंही क्षेत्रफळ २८७ च देतं. उलटं काढलेलं क्षेत्रफळ वापरलं तर तपासणी नेहमीच जुळते, कारण आकडा स्वतःशीच ताडला जातोय. अशा वेळी घनता छापील म्हणूनच राहू द्या. त्याच तक्त्यात पुरुष १५,१०,८४२ आणि स्त्रिया १४,९२,८९९ दिलेले असतील, तर लोकसंख्या आणि लिंग-गुणोत्तर ९८८ हे दोन्ही बिनधास्त सूत्राने बांधा. तिथे मूळ आकडे समोर आहेत.

पट्टीतही असा एखादा खाना सापडतो. माल ओला निघाला म्हणून सौद्यानंतर तडजोडीने रक्कम बदललेली असते आणि ती कुठल्याच गुणाकारात बसत नाही. फोटो नीट वाचला आहे, भागाकारातून काही अर्थ निघत नाही आणि कागदाचं एकूण त्या आकड्यासकटच जुळतंय, तर तो हाताने ठरलेला आकडा आहे. तिथे सूत्रात ‘वजा ७५०’ असं काहीतरी कोंबून G मध्ये शून्य आणू नका. खाना रंगवा, छापील आकडा ठेवा आणि फरक दिसू द्या. एकूणाच्या सूत्रातही त्या ओळीपुरता हाच आकडा घ्या, म्हणजे निव्वळ देणं पट्टीप्रमाणेच येईल.