साउंडबार टीव्हीला कशाने जोडावा: आठ महिने वापरल्यानंतर

गणपतीच्या आधी घेतलेला साउंडबार आता घरात चांगला रुळलाय. ५.१ चा सेट आहे: टीव्हीखाली बार, कोपऱ्यात वूफर आणि सोफ्यामागे दोन छोटे स्पीकर. आवाजाबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून मी फक्त जोडणीबद्दल लिहितो. हाच बार मी आर्क म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीने बारकडे नेणारी जोडणी, ऑप्टिकल वायर आणि ब्लूटूथ अशा तिन्ही प्रकारे बरेच दिवस वापरला, आणि घरातल्या सगळ्यांचा अनुभव प्रत्येक वेळी वेगळा होता.

ब्लूटूथ सगळ्यात सोपं. वायर नाही, दोन मिनिटांत काम होतं. पण क्रिकेट लावा आणि बॅटकडे बघा: चेंडू बॅटला लागलेला दिसतो आणि "टक्" जरा वेळाने ऐकू येतं. बातम्या देणाऱ्याचे ओठ मिटतात तरी शब्द चालूच असतो. टीव्ही आवाज दाबून पाठवतो, बार तो उलगडतो, यात साधारण एक-दोन दशांश सेकंद जातात. बारमध्ये आवाज जुळवायची सेटिंग असते, पण तिने आवाज फक्त आणखी मागे ढकलता येतो, पुढे आणता येत नाही. म्हणजे इथे तिचा उपयोग शून्य. शिवाय ब्लूटूथवर आवाज स्टिरिओच येतो, त्यामुळे मागच्या स्पीकरना त्यांचा स्वतंत्र आवाज मिळतच नाही. मोबाइलवरून सकाळी अभंग लावायला मात्र ब्लूटूथच बरं.

आता मुख्य जोडणी आर्कची आहे. टीव्हीच्या मागे तीन एचडीएमआय पोर्ट असले, तरी ज्याच्यावर HDMI (ARC) किंवा HDMI (eARC) लिहिलंय त्यातच वायर घालावी लागते, बाकीच्यांतून आवाज बाहेर येत नाही. बारच्या बाजूलाही तेच, HDMI OUT (TV ARC) असं लिहिलेला पोर्ट. मग टीव्हीत सीईसी चालू करायचं, म्हणजे एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकमेकांना चालू-बंद करू शकतात. प्रत्येक कंपनीने त्याला आपापलं नाव दिलंय: सॅमसंगमध्ये Anynet+, एलजीत SIMPLINK, सोनीत BRAVIA Sync. ते बंद असेल तर बऱ्याच टीव्हींवर आर्क सुरूच होत नाही आणि माणूस वायर बदलत बसतो.

यानंतरची एक सेटिंग बहुतेकांकडून राहून जाते: डिजिटल ऑडिओ आउटपुट. माझ्या टीव्हीत ती आधीपासून PCM वर होती. आवाज येत होता, छान वाटत होता, पण मारामारीच्या दृश्यातही मागचे स्पीकर गप्प. आर्क आणि ऑप्टिकल, दोन्हींवर PCM म्हणजे दोन चॅनेल. तिथे Auto किंवा Bitstream निवडल्यावर बारच्या डिस्प्लेवर Dolby Digital आलं आणि पाऊस मागूनही पडायला लागला. तुमच्या बारवर अशी अक्षरं दिसत असतील तर आधी तीच बघा, कानावर विसंबू नका.

आर्कचं खरं सुख रिमोटचं आहे. आई टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त करते आणि टीव्ही बंद केला की बारही बंद होतो. तिला दुसरा रिमोट शोधावा लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने अर्धा निर्णय इथेच होतो.

त्रास आहे तो लाइट गेल्यावर. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून दोनदा जाते. परत आली की कधीकधी टीव्ही आणि बार एकमेकांना ओळखत नाहीत आणि आवाज टीव्हीच्याच स्पीकरमधून येतो. रिमोटने बंद-चालू करून उपयोग होत नाही. दोन्हींचे प्लग बोर्डावरून काढायचे, मिनिटभर थांबायचं, आधी टीव्ही लावायचा, मग बार. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतं.

या कटकटीमुळे मी मध्ये महिनाभर ऑप्टिकलवर गेलो होतो. त्यात ओळख पटवायची भानगड नाही, नुसता प्रकाश जातो. टोकावरची प्लास्टिकची टोपी काढून बघितलं की आत लाल ठिपका दिसतो, तो दिसला की टीव्हीकडून सिग्नल येतोय हे कळतं. वायर मात्र भिंतीशी काटकोनात दुमडू नका. लाइट गेली-आली तरी आवाज बिनबोभाट सुरू. ५.१ डॉल्बी डिजिटलही पूर्ण येतं, माझ्या बारवर आर्कशी फरक जाणवला नाही. फक्त आवाजासाठी बारचा रिमोट वेगळा घ्यावा लागला. काही बार टीव्हीच्या रिमोटचा सिग्नल शिकून घेतात, माझा घेत नाही.

अॅटमॉसचा, म्हणजे वरूनही आवाज आल्यासारखा वाटणाऱ्या डॉल्बी प्रकाराचा बार असेल तर ऑप्टिकलचा विचार सोडा. ओटीटीवरचं अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं आणि ते ऑप्टिकलमधून जात नाही. टीव्हीने ते पुढे पाठवायची सोय ठेवली असेल, तर साध्या आर्कवरून जातं. ईआर्क, म्हणजे आर्कची पुढची आवृत्ती, लागते ती ब्ल्यू-रेच्या दर्जा न घटवता साठवलेल्या आवाजासाठी. ब्ल्यू-रे घरात नसेल तर केवळ त्यासाठी टीव्ही बदलू नका.

२.१ चा, म्हणजे मागचे स्पीकर नसलेला बार असेल, लाइट सारखी जात असेल आणि दोन रिमोट चालत असतील, तर ऑप्टिकल घ्या. आमच्याकडे आईसाठी परत आर्कच लावलंय, आणि बोर्डावरचे दोन्ही प्लग आता हाताला लागतील असे पुढे घेतलेत.