टॉनी, रूबी आणि व्हिंटेज पोर्ट: काही महिने घरात वापरून पाहिल्यावर

नोकरीनिमित्त पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात राहायला आल्यापासून घरात पोर्ट वाइनची एखादी बाटली उघडी असतेच. नदीपलीकडे व्हिला नोव्हा द गाया दिसतं. डोरो खोऱ्यात तयार झालेली पोर्ट पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या वखारींत मुरत आली आहे. इथे पोर्ट जेवणानंतर छोट्या पेल्यात घेतात, त्यामुळे आम्हा दोघांकडून एक बाटली एका बैठकीत संपणं शक्यच नाही. म्हणून चवीपेक्षा आधी आम्हाला पडलेला प्रश्न व्यवहारी होता: उघडलेली बाटली किती दिवस चांगली राहते? दुकानात विचारलं तर प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. त्याचं कारण पुढे कळलं. आकडा पोर्टचा नसतो, त्या बाटलीतल्या पोर्टच्या प्रकाराचा असतो.

मूळ कृती रूबी, टॉनी आणि व्हिंटेज या तिन्हींची एकच. द्राक्षाचा रस आंबत असताना, साधारण निम्मी साखर उरली की, त्यात ७७ टक्क्यांच्या आसपासचं द्राक्षाचं मद्यार्क ओततात. आंबणं तिथेच थांबतं, गोडी राहते आणि तयार वाइनमध्ये अल्कोहोल १९ ते २२ टक्के असतं. साध्या रेड वाइनपेक्षा उघडी पोर्ट जास्त टिकते ती या अल्कोहोल आणि साखरेमुळे. फरक पडतो तो यापुढे, म्हणजे वाइन मुरताना तिला हवा किती लागली यावर.

रूबीला हवा लागू देत नाहीत. मोठ्या टाक्यांत किंवा भल्यामोठ्या लाकडी पिंपांत दोन-तीन वर्षं ठेवायची, गाळायची आणि बाटलीत भरायची. त्यामुळे रंग गडद लाल आणि चव ताज्या फळांची राहते. बाटलीत ती आणखी सुधारत नाही, जपून ठेवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे सुपरमार्केटातली सात-आठ युरोंची रूबी फ्रिजच्या दारात असते. पहिला आठवडा उत्तम, दुसराही ठीक. तिसऱ्या आठवड्यात फळाचा ताजेपणा उतरतो आणि उरतो तो साखर-अल्कोहोलचा बोजड गोडवा. पिऊन त्रास काही होत नाही, मजा जाते एवढंच. महिनाभर राहिलेली रूबी आमच्याकडे चॉकलेट केकच्या पाकात जाते.

टॉनीचा प्रकार उलटा. ती साडेपाचशे लिटरच्या आसपासच्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरते. लाकडातून हवा आत झिरपते, थोडी वाइन उडून जाते, लाल रंग विरत जाऊन तांबूस-पिंगट होतो. वासात आक्रोड, सुकं अंजीर, संत्र्याची साल. इथे एक सावधगिरी: लेबलवर वय नसलेली स्वस्त टॉनी बहुतेकदा एवढी मुरलेली नसते, ती मूळचीच फिक्या रंगाची तरुण वाइन असू शकते. खरी टॉनी हवी असेल तर १०, २०, ३० किंवा ४० वर्षं असं लिहिलेली घ्या. तो आकडाही जपून वाचायचा. बाटलीतला थेंबन्‌थेंब दहा वर्षांचा आहे असा त्याचा अर्थ नाही. त्यात कमी-जास्त वयाच्या वाइन मिसळलेल्या असतात आणि त्या वयाची चव लागते की नाही हे सरकारी संस्थेचे परीक्षक चाखून ठरवतात.

बहुतेक जणांच्या नजरेतून सुटतो तो मागच्या लेबलवरचा बाटलीत भरल्याचा सन. टॉनीचं मुरणं पिंपातच संपतं, बाटलीत ती फक्त थांबून राहते आणि फार वर्षं गेली तर कोमेजते. एका दुकानात वरच्या फळीवर दिव्याखाली धूळ खात उभी असलेली २० वर्षांची टॉनी आम्हाला ‘जुनी म्हणून खास’ असं सांगून विकली होती. मागे पाहिलं तर भरल्याला बारा वर्षं होऊन गेलेली. उघडल्यावर आक्रोडाचा वास होता, पण जीभ ओली करणारा आंबटपणा पार बसला होता. तेव्हापासून आधी बाटली उलटी फिरवून सन बघते, मग किंमत.

आता टिकण्याचं. हवेने जे बिघडायचं ते टॉनीच्या बाबतीत पिंपातच होऊन गेलेलं असतं, तीच तिची चव बनते. मुरलेल्या लोणच्याची बरणी उघडली म्हणून लगेच काही होत नाही, तसंच. आमची १० वर्षांची टॉनी ऑक्टोबरात उघडली, फ्रिजमध्ये उभी ठेवली, आणि नाताळात पाहुण्यांना दिली तेव्हाही छान होती. वास थोडा मंदावला होता, पण शेजारी ताजी बाटली ठेवल्याशिवाय कळला नसता. दोन महिने मी बिनधास्त धरते. शिवाय ती थंडच चांगली लागते, त्यामुळे फ्रिजमध्ये राहण्याने तिचं नुकसान काही नाही.

व्हिंटेज मात्र नाजूक प्रकरण. कुटुंब रूबीचं, पण एकाच वर्षाच्या उत्तम द्राक्षांची. दोन-तीन वर्षांतच न गाळता बाटलीत भरतात आणि पुढची वीस, तीस, क्वचित पन्नास वर्षं ती अंधारात, आडवी, जवळजवळ हवेविना मुरते. कंपन्या हे दर वर्षी करत नाहीत, वर्ष चांगलं असेल तरच ते व्हिंटेजचं म्हणून जाहीर करतात. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं बहुतेकांनी जाहीर केली, ते नवलच मानलं गेलं.

लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही १९९४ची उघडली. आदल्या दिवशी बाटली उभी केली, म्हणजे गाळ तळाशी बसतो. जुनं बूच मधेच तुटलं, त्यामुळे दुसऱ्या भांड्यात ओतताना तोंडावर मलमलचा तुकडा धरला. बाटलीच्या मानेमागे मोबाइलचा टॉर्च लावून अगदी सावकाश ओतायचं, मानेत काळी रेघ सरकताना दिसली की थांबायचं. तळाशी अर्धा पेला राहिला, तो सोडून दिला. त्या रात्री काळे मनुके, चहापत्ती, थोडा मिरीचा झणका. दुसऱ्या संध्याकाळी जवळपास तेवढीच छान, किंचित मऊ. तिसऱ्या दिवशी फळ मागे सरलं आणि अल्कोहोल नाकाला टोचू लागलं. चौथ्या दिवशी उरलेली प्यायलो खरी, पण तेव्हा ती त्या पैशांच्या लायकीची राहिली नव्हती. तीस वर्षं हवेपासून सांभाळलेल्या वाइनला एकदम हवा लागली की असंच होणार. तरुण व्हिंटेज दोन-तीन दिवस जास्त तग धरते, पण आठवड्याची आशा नको.

म्हणून दोघांसाठी व्हिंटेज घ्यायची तर ३७५ मिलीची अर्धी बाटली शोधा, किंवा सहा जण जेवायला बोलवा. एरवी ‘लेट बॉटल्ड व्हिंटेज’ हा मधला मार्ग आहे: चार ते सहा वर्षं लाकडात, किंमत आवाक्यात, उघडल्यावर आठवडा-दीड आठवडा. त्यातही वरचं झाकण प्लॅस्टिकच्या टोपीचं, हाताने काढता येणारं असेल तर वाइन बहुधा गाळलेली असते आणि लगेच पिण्यासाठी असते. लांब बूच असेल तर गाळ धरून चाला.

गोव्यात पोर्ट म्हणून मिळणारी गोड लाल वाइन डोरोची नव्हे, तिला हे हिशेब लावू नका. आणि इथून भारतात नेण्यासाठी मी नेहमी टॉनीच घेते. विमानातल्या हेंदकाळ्यांनी व्हिंटेजचा गाळ ढवळून निघतो आणि नेल्यावर पुन्हा काही आठवडे स्थिर ठेवावी लागते. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तिला थंड, स्थिर जागा मिळणं कठीण. टॉनी पोचल्या दिवशी उघडा, झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवून द्या. फक्त भांड्याकुंड्यांच्या गर्दीत आडवी ठेवू नका, तिच्याही प्लॅस्टिक टोपीच्या बुचातून ती झिरपते.