कॅटलॉगमधल्या मॉडेलचा चेहरा बदलताना: तीन पद्धती आणि एक चौकोनी गळा

गळा कुर्त्यालाही असतो आणि माणसालाही. कॅटलॉगच्या फोटोत मॉडेलचा चेहरा बदलायचा म्हटलं की सगळं काम या दोन गळ्यांच्या मधल्या रेषेवर येऊन अडतं. डोळे, नाक, ओठ हल्ली कुठलंही सॉफ्टवेअर चुटकीसरशी बदलतं. हनुवटीखालची कातडी आणि कुर्त्याची पाइपिंग जिथे भेटतात, तिथे मात्र फोटो खोटा पडतो.

दिवाळीनंतर सहकारनगरच्या एक ताई माझ्या नारायण पेठेतल्या स्टुडिओत आल्या. 12 कुर्ते, 36 फोटो, मॉडेल पुण्यातलीच. नैरोबीतल्या एका दुकानाला माल पसंत होता, पण तिथल्या बाईंचं म्हणणं होतं की आमच्या गिऱ्हाइकाला या फोटोत स्वतःला बघता येत नाही. ताईंची मागणी सरळ होती: “दादा, पुन्हा शूटचा खर्च नको. चेहरा बदलून द्या, पण कुर्ता तसूभर हलता कामा नये. फोटोतला खण वेगळा आणि पार्सलमधला वेगळा निघाला, तर माल परत येईल.”

तीन पद्धती ताडून बघायला मी मुद्दाम त्यातला सगळ्यात अवघड फोटो घेतला. चौकोनी गळा, त्याला खणाची पट्टी, आतल्या कडेला बारीक पाइपिंग. फोटो 4000 बाय 6000 पिक्सेलचा, मॉडेल डोक्यापासून पायापर्यंत उभी. अशा फोटोत डोकं साधारण 700 पिक्सेल उंच येतं, आणि भुवईपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर 400 ते 450. हा आकडा लक्षात असू द्या, कारण पुढचा बराच निर्णय त्यावर ठरतो.

पहिली पद्धत फेस स्वॅपची. या प्रकारच्या बऱ्याच मोफत टूल्सच्या पोटात `inswapper_128` नावाचं एआय मॉडेल असतं. नावातच त्याची मर्यादा आहे: ते चेहरा 128 बाय 128 पिक्सेलचा काढतं. माझ्या फोटोत तो तिपटीहून जास्त ताणावा लागतो, मग तो मऊ पडतो, मग त्यावर चेहरा सुधारणारं दुसरं मॉडेल चालवावं लागतं, आणि त्यातून येते ती मेणाच्या बाहुलीसारखी कातडी. वेबसाइटवरचा छोटा फोटो 2000 पिक्सेल उंचीचा असेल तर चेहरा मुळातच 150 पिक्सेलच्या आत येतो आणि हे सगळं खपून जातं. कपड्याला ही पद्धत हात लावत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती बदलते फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंतचा भाग. केस, कान, जबड्याची कड, गळा सगळं पहिल्या मुलीचंच राहतं. पुण्यातल्या एका मुलीऐवजी दुसरी हवी असेल तर ठीक. नैरोबीसाठी नाही.

शिवाय एक गोष्ट अनेक जण वाचतच नाहीत. `inswapper_128` चा परवाना व्यावसायिक नसलेल्या संशोधनापुरता आहे. कुर्ते विकण्याच्या फोटोत ते वापरणं त्यात बसत नाही. टूल मोफत मिळालं म्हणजे धंद्याला चालतं असं नसतं.

दुसरी पद्धत सध्या सगळ्यांना आवडते: फोटो चढवायचा, ‘या बाईच्या जागी आफ्रिकन स्त्री दाखव, कपडे तसेच ठेव’ असं लिहायचं आणि वाट बघायची. निकाल पहिल्या नजरेला तिघांत सगळ्यात सुंदर दिसतो. गळ्याची कातडी जुळते, हात जुळतात, सावलीसुद्धा बरोबर. ताई तर म्हणाल्या, “हेच करा की!” मग मी खणाची पट्टी मोठी करून दाखवली. मूळ पट्टीत विणीतल्या बुट्ट्या ओळीने, समान अंतरावर होत्या. नव्या फोटोत त्या ‘खणासारख्या’ होत्या: दोन जवळ, एक लांब, कोपऱ्यात एक अर्धीच. कारण असं, की हे टूल चेहरा कापून बदलत नाही, ते अख्खा फोटो नव्याने काढतं. ‘कपडे तसेच ठेव’ हे त्याच्यासाठी कुलूप नसतं, विनंती असते. शिवाय कुर्त्याची लांबी किंचित बदलते, रंग थोडा सरकतो, आणि ते डोळ्याला कळत नाही कारण शेजारी मूळ फोटो नसतो. ऑर्डर मिळवण्याआधी कुणाला कल्पना दाखवायची असेल तर ही पद्धत वापरा. ज्या फोटोवरून माल विकला जाणार आहे, त्याला नाही.

तिसरी पद्धत इनपेंटिंगची: फोटोचा ठरावीक भागच मास्क करायचा आणि तेवढाच नव्याने काढून घ्यायचा. मी ते एसडीएक्सएल या चित्र काढणाऱ्या एआय मॉडेलवर करतो. त्याचा परवाना व्यवसायाला चालतो, आणि ते 1024 बाय 1024 च्या चौकोनात सगळ्यात चांगलं काम करतं. आमचं 700 पिक्सेलचं डोकं गळ्यासकट त्या चौकोनात आहे त्या मापात बसतं, काही ताणावं लागत नाही. कमरेपर्यंतच्या जवळच्या फोटोत डोकं दुप्पट मोठं येतं. तिथे छोटं करून काढून पुन्हा मोठं करावं लागतं, आणि मग धारदार खणाशेजारी धूसर चेहरा दिसतो. थोडा ग्रेन मिसळून ते झाकता येतं, पण पूर्ण नाही.

इथे एक खाच आहे. मास्कबाहेरचा भाग ‘जसाच्या तसा’ राहतो, असं वाटतं. पण ही एआय मॉडेल चित्र आधी दाबतात, दर 8 बाय 8 पिक्सेलचा एक ठिपका करतात, आणि शेवटी पुन्हा उलगडतात. त्या दाबण्यात दोन-तीन पिक्सेलचा जरीचा धागा पुसट होतो, मास्कबाहेर असला तरीही. म्हणून निकाल आला की मूळ फोटोतला कुर्ता त्याच्यावर परत बसवायचाच. मास्क कुठे थांबवायचा, हा या कामातला खरा प्रश्न आहे. बहुतेक जण तो हनुवटीखाली थांबवतात. म्हणजे नवी कातडी आणि जुनी कातडी गळ्याच्या मधोमध भेटतात, आणि तो सांधा कितीही मऊ केला तरी मफलरच्या वळासारखा दिसतो. मी मास्क गळ्यावरून खाली, कुर्त्याच्या कडेपलीकडे 30-40 पिक्सेल आत नेतो. चेहरा, कान, गळा, हंसळीची हाडं सगळं एकाच वेळी नवं होतं, म्हणून रंग आपोआप जुळतो. टूलने कुर्त्याची जी कड बिघडवली असेल ती बिघडू दे. मग मूळ कुर्ता पेन टूलने पाइपिंगच्या कडेकडेने कापून, जेमतेम 1 पिक्सेलचा फेदर देऊन वर बसवायचा. आता सांधा कातडीवर नाही, शिवणीवर आहे. आणि तिथे रेघ असणं स्वाभाविकच आहे.

एक गोष्ट मात्र हाताने करावी लागते. पाइपिंगची बारीक सावली कातडीवर पडलेली होती, ती जुन्या कातडीबरोबर गेली. ती नसेल तर कुर्ता अंगावर चिकटवलेल्या स्टिकरसारखा दिसतो. मल्टिप्लाय लेयरवर, प्रकाश ज्या बाजूने आला त्याच्या उलट कडेला, 4-5 पिक्सेलची सावली काढली की कुर्ता पुन्हा अंगावर बसतो.

कुर्ता खरंच तसूभरही हलला नाही, हे ताईंना तोंडी सांगून भागणार नव्हतं. त्यासाठी दोन्ही फोटो एकाच मापाच्या पीएनजीत ठेवायचे (जेपेग पुन्हा सेव्ह केलं की सगळीकडेच फरक दिसतो) आणि इमेजमॅजिक या कमांडवर चालणाऱ्या फोटो-टूलमध्ये हे चालवायचं:

```
magick original.png edited.png -compose difference -composite -evaluate multiply 8 farak.png
```

जिथे काहीच बदललं नाही तिथे `farak.png` काळाकुट्ट येतो. आमच्या चौकोनी गळ्याच्या फोटोत चेहरा, गळा आणि हात उजळले, कुर्ता पूर्ण काळा. दुसऱ्या पद्धतीच्या निकालावर हेच चालवलं, तर खणाची पट्टी दिव्याच्या माळेसारखी चमकली. त्यानंतर ताईंनी तो विषय काढला नाही.

हाताचं काय, हा पुढचा प्रश्न. हात पुरते नव्याने काढले तर बोटं बिघडतात. आणि नुसते कर्व्ह ओढून गडद केले तर ते राखाडी, मळकट दिसतात. गडद कातडीवर पसरलेला प्रकाश कमी परततो, पण वरच्या तेलकट थराची चमक तेवढीच राहते. त्यामुळे ती चमक उलट उठून दिसते. कर्व्ह ओढल्यावर कातडीबरोबर चमकही दबते, तिथे फसगत होते. म्हणून आधी कर्व्हने रंग जवळ आणायचा आणि मग 0.3 च्या आसपास, म्हणजे अगदी हलक्या जोराने इनपेंटिंग करायचं. बोटांचा आकार टिकतो, चमक परत येते. एका फोटोला सगळं धरून माझे पाऊण ते एक तास जातात. फेस स्वॅपला पाच मिनिटं लागतात, ही तुलना मला मान्य आहे.

पण तिसरी पद्धतही हात टेकते अशी एक जागा आहे. ताईंच्या तीन कुर्त्यांना जॉर्जेटच्या बाह्या होत्या. अशा पारदर्शक कापडाचा फोटोतला रंग कापडाचा आणि खालच्या कातडीचा मिळून झालेला असतो. कातडी बदलली की बाहीचा रंगही बदलायला हवा, किती बदलायला हवा ते मोजायला आपल्याकडे काही नाही. तिथे मी अंदाजाने रंगवलं असतं तर ते ‘कुर्ता हलला नाही’ या शब्दाला धरून झालं नसतं. नेटचा योक, शिफॉनचा दुपट्टा, सगळ्यांचं तेच. मोकळे केस गळ्यावर आलेले असतील तर तीच अडचण दुसऱ्या रूपात येते: केस बदलले की त्यांच्यामागची न दिसलेली कशिदाकारी टूलला मनाने काढावी लागते. पुढच्या शूटला अंबाडा घाला, एवढंच सांगेन.

करारपत्राकडेही एकदा बघा. चेहरा गेला तरी अंग पहिल्या मुलीचंच आहे, तेव्हा तिच्या करारात चेहरा बदलण्याची परवानगी स्पष्ट हवी. आमच्या करारात ती नव्हती. ताईंनी तिला फोन केला, तिने वेगळे पैसे मागितले, आणि माझ्या मते बरोबर मागितले. नवा चेहरा खऱ्या व्यक्तीचा असेल तर तिचाही लेखी होकार लागतो. आम्ही नैरोबीच्याच एका मॉडेलशी करार करून तिच्या 20 फोटोंवर लोरा, म्हणजे एसडीएक्सएलला दर वेळी तोच चेहरा काढायला लावणारं एक छोटं जोड-मॉडेल, शिकवलं. नाहीतर 36 फोटोंत 36 बहिणी दिसल्या असत्या.

शेवटी ताईंनी असं ठरवलं: बंद गळ्याचे आणि चौकोनी गळ्याचे 8 कुर्ते तिसऱ्या पद्धतीने. एका कुर्त्याचे फोटो ओठांखाली कापून तसेच, कारण त्याचं सगळं आकर्षण पाठीवरच्या लटकनात होतं. जॉर्जेटचे तीन कुर्ते कुरिअरने नैरोबीला गेले आणि त्याच मॉडेलवर तिथेच शूट झाले. त्या शूटचं बिल माझ्या बिलापेक्षा कमी आलं, हे ताईंनी मला हसत हसत दोनदा सांगितलं.